लेबल छापखान्यात, तारीख कारखान्यात

या आठवड्यात भस्मांच्या डब्या घेणार होतो, पण त्या पुढच्या खेपेला. कऱ्हाडच्या एका वाचक भगिनींचं पत्र आणि त्यासोबतचे फोटो आल्यापासून दुसरं काही सुचलेलं नाही. त्या लिहितात, ‘तुम्ही सांगितल्याप्रमाणे परवाना क्रमांक तपासला. कंपनी खरी, पत्ता खरा, क्रमांकही त्यांचाच. तरी औषधाची चव वेगळी लागते. आता काय बघू?’

बाळंतीण सुनेसाठी त्यांनी जत्रेतल्या एका स्टॉलवरून दशमूलारिष्टाच्या ४५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या घेतल्या. नेहमीच्या दुकानापेक्षा बऱ्याच स्वस्त मिळाल्या. घरात त्याच कंपनीची जुनी, दुकानातून आणलेली बाटलीही होती. तिन्ही बाटल्यांचे फोटो त्यांनी पाठवले, हे फार बरं केलं. एकट्या बाटलीच्या फोटोवरून जे कळत नाही, ते खात्रीची बाटली शेजारी असली की दिसू लागतं.

क्रमांक जुळला यात नवल नाही. नक्कल करणारा लेबल नव्यानं रचत बसत नाही, खरं लेबल स्कॅन करून छापतो. त्यामुळे परवाना क्रमांक, पत्ता, घटकद्रव्यांची यादी, ‘आयुर्वेदिक औषध’ हे शब्द, सगळं जसंच्या तसं उतरतं. क्रमांक खोटा निघाला तर बाटली बाद. खरा निघाला तर एवढंच ठरतं की लेबलावरची कंपनी अस्तित्वात आहे. बाटली तिनं भरली का, हे क्रमांक सांगत नाही.

ते कळण्यासाठी लेबलावर कारखान्यात काय उमटलं, ते शोधावं लागतं. लेबलं छापखान्यातून हजारोंच्या गठ्ठ्यानं आधीच येतात. त्यावर बॅच नंबर, उत्पादनाची तारीख आणि किंमत यांच्यापुरती जागा कोरी ठेवलेली असते. औषध भरताना त्या जागी मजकूर उमटवतात. मोठ्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटलीवर शाईचे बारीक ठिपके उडवणारं यंत्र असतं, लहान फार्मसीत रबरी शिक्का. म्हणजे एकाच लेबलावर दोन वेगवेगळ्या छपाया असतात. खऱ्या बाटलीच्या फोटोत त्या वेगळ्या दिसतात. तारखेची शाई मजकुराच्या शाईहून निराळी असते, ओळ किंचित तिरकी जाते, कधी एखादा अंक चौकटीच्या रेघेवर चढतो.

आता कऱ्हाडचे फोटो. जुन्या बाटलीवर तारखेचे ठिपके गडद आहेत आणि ओळ उजवीकडे जरा वर गेली आहे. जत्रेतल्या बाटल्यांवरही अंक ठिपक्यांचेच आहेत, म्हणून पहिल्या नजरेत फसायला होतं. फोटो मोठा केला की तिथला प्रत्येक ठिपका आणखी बारीक रंगीत कणांचा बनलेला दिसतो, आणि तसेच कण शेजारच्या चित्रात आहेत. याचा अर्थ हे ठिपके यंत्रानं उडवलेले नाहीत. मूळ बाटलीवरचे ठिपके लेबलासकट स्कॅन होऊन छापखान्यात छापले गेले.

मग दोन्ही नव्या बाटल्यांचे फोटो शेजारी ठेवले. बॅच नंबरातल्या आठाचा खालचा एक ठिपका दोन्हीकडे गायब. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, कारण यंत्र बिघडलं तर तोच ठिपका पुन्हापुन्हा गळतो. पण दोन्हीकडे ओळ चौकटीपासून नेमक्या तेवढ्याच अंतरावर आणि तेवढीच तिरकी आहे. चालत्या पट्ट्यावर बाटली एखाद-दोन मिलिमीटर तरी मागेपुढे होतेच. काही कारखाने मात्र लेबल चिकटवण्याआधीच त्यावर तारीख उमटवतात. तिथे ओळ बरीचशी एका जागी पडते, तेव्हा हा पुरावा कणांच्या खुणेसोबतच धरायचा.

तारीखही बोलकी आहे : फेब्रुवारी २०२१. इतकी जुनी तारीख ग्राहकाला खटकत कशी नाही? २०१६ च्या सुधारित नियमानुसार आसव-अरिष्टांची मुदत दहा वर्षं आहे, तर चूर्णांची दोनच. चूर्णाची नक्कल करणाऱ्याला तारीख सारखी बदलावी लागते. अरिष्टाच्या नकलेला एकदा स्कॅन केलेली तारीख वर्षानुवर्षं पुरते. म्हणून अरिष्टांच्या बाबतीत निव्वळ ‘मुदत बाकी आहे’ यावर विसंबू नका. वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या वर्षी घेतलेल्या बाटल्यांवर एकच बॅच दिसली, तर शंका घ्यायला हवी.

एका वाचकानं मागे विचारलं होतं की अरिष्ट मुरायला कित्येक आठवडे लागतात, मग उत्पादनाची तारीख कुठली धरायची? औषध नियमावलीच्या १६१ व्या नियमात याचं उत्तर आहे. औषध पूर्ण तयार झाल्याची, किंवा विक्रीसाठी बाटलीत भरल्याची तारीख चालते. घटकद्रव्यं पिंपात घातल्याची नव्हे. त्यामुळे एकाच पदार्थावर दोन कंपन्यांचा हिशेब वेगळा निघाला तर त्यात खोट नाही.

राहिलं सील. काचेच्या बाटलीचं ॲल्युमिनियमचं झाकण कारखान्यात साध्या टोपीसारखं बसवतात आणि फिरते रोलर त्यावर दाबून बाटलीचेच आटे उमटवतात. खालची कडी काचेच्या कंगोऱ्याखाली वळते. झाकण उघडलं की मधले बारीक दुवे तुटतात आणि कडी मानेवर राहते. फोटो वरून काढला तर यातलं काहीच दिसत नाही. डोळ्यांच्या पातळीवरून, बाजूनं काढायचा. कऱ्हाडच्या फोटोत आटे अर्धवट उमटले आहेत, कडीची खालची कड मोकळी आहे आणि काचेच्या मानेवर जुने गोल ओरखडे आहेत. भंगारातली बाटली धुऊन पुन्हा भरली की असंच दिसतं. यावर पारदर्शक प्लास्टिकचं आवरण होतं, पण तसली आवरणं बाजारात सुटी मिळतात आणि गरम हवेनं कोणालाही बसवता येतात. त्याला सील समजू नका.

फोटो पाठवताना व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर आकार घटवताना ठिपकेच पुसले जातात. तारखेचा फोटो समोरून घ्या आणि उजेड बाजूनं येऊ द्या.

एवढं जमल्यावरही फोटो शंकेपर्यंतच नेतो. आत काय आहे ते प्रयोगशाळाच सांगणार. म्हणून त्या भगिनींना कळवलं की औषध देणं आजच थांबवा, सुनेला त्रास वाटला तर वैद्यांना दाखवा आणि बाटल्या फेकू नका. एक बाटली न उघडलेली आहे, ती तशीच ठेवा. बॅच नंबर आणि फोटो कंपनीला पाठवा. ही बॅच ४५० मिलिलिटरमध्ये भरली होती का आणि कुठे गेली, हे कंपनीला तिच्या नोंदींवरून सांगता येतं. सोबत अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार द्या. दुसऱ्याच्या नावानं विकलेल्या आयुर्वेदिक औषधाला १९४० च्या औषध कायद्यात ‘बनावट’ हे स्वतंत्र कलम आहे, आणि स्टॉलवरून रीतसर नमुना घेण्याचा अधिकार औषध निरीक्षकाला आहे.

भस्मांच्या डब्यांवर बाटलीसारखी मान नसते आणि तारखेला जागाही जेमतेम मिळते. तिथे कुठे बघायचं, ते पुढच्या आठवड्यात.