डेंग्यूची मोहीम मोजायची कशी?

जुलै हा डेंग्यूविरोधी महिना. गावोगावी फेऱ्या निघतात, पत्रकं वाटली जातात, शाळांत स्पर्धा होतात. महिनाअखेरीच्या अहवालात पत्रकांची आणि उपस्थितांची संख्या येते. घरातल्या पिंपांत अळ्या कमी झाल्या की नाही, हे त्यातून कळत नाही. ते कळायला हवं असेल, तर पहिलं पत्रक वाटण्याआधीच मोजणीची आखणी करावी लागते.

आधी ठरवायचं ते काय मोजायचं. डेंग्यूचे रुग्ण मोजावेत असं सहज वाटतं, पण तो आकडा फसवा आहे. जागृती झाली की ताप आलेली माणसं तपासणीला लवकर येतात आणि नोंदलेले रुग्ण उलट वाढू शकतात. शिवाय साथीचा जोर दर वर्षी वेगळा असतो. त्यापेक्षा अळ्या मोजणं जास्त खात्रीचं. एडीस डास घरात साठवलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. तपासलेल्या शंभर घरांपैकी किती घरांत अळ्या सापडल्या, याला आरोग्य कर्मचारी ‘हाऊस इंडेक्स’ म्हणतात.

समजा, आठ हजार घरांच्या एका गावात मोहीम घ्यायची आहे. सगळी घरं तपासायची गरज नाही. चिठ्ठ्या टाकून 30 गल्ल्या निवडायच्या आणि प्रत्येकीत 10 घरं. जुलैच्या सुरुवातीला या 300 घरांपैकी 60 घरांत अळ्या सापडल्या, म्हणजे हाऊस इंडेक्स 20. ही झाली पायाभूत पाहणी. अळ्या एकाच गल्लीत दाटीने सापडतात, हे धरलं तर गावाचा खरा आकडा 14 ते 26 यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. त्यामुळे ‘20 वरून 17’ असं लक्ष्य ठेवण्यात अर्थ नाही. तेवढा फरक निव्वळ योगायोगानेही दिसेल. ‘सप्टेंबरअखेर 10’ हे लक्ष्य या नमुन्यात पारखता येईल.

माहिती कशी गोळा करायची, यावर सगळं अवलंबून आहे. ‘तुम्ही दर आठवड्याला पिंप घासता का?’ असं विचारलं की बहुतेक जण ‘हो’ म्हणतात. त्याऐवजी ‘पिंप शेवटचं कधी रिकामं केलं?’ असं विचारावं आणि मग टॉर्च घेऊन आत पाहावं. नुसतं रिकामं करणं पुरत नाही, कारण अंडी पाण्याच्या रेषेलगत भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून घासण्याची नोंद वेगळी हवी. ज्या आशाताईंनी घरोघरी समजावलं, त्यांनाच पाहणीला पाठवू नये. त्यांच्यासमोर माणसं मोकळं उत्तर देत नाहीत आणि स्वतःचंच काम तपासायची अडचण त्यांच्यावर येते. कुलूप असलेल्या घराऐवजी शेजारचं घर घेण्याची सवयही टाळावी. कामावर जाणाऱ्यांची घरंच दिवसा बंद असतात, आणि ती वगळली तर चित्र बिघडतं. अशा घरी संध्याकाळी पुन्हा जावं. पर्यवेक्षकाने दुसऱ्या दिवशी थोडी घरं स्वतः तपासून पाहिली, तर फॉर्म घरबसल्या भरले का, तेही उघड होतं.

आता सप्टेंबर. पुन्हा पाहणी झाली आणि इंडेक्स 14 आला. लक्ष्य 10 होतं, म्हणजे मोहीम फसली का? उत्तर पावसात आहे. पावसाळ्यात टायर, कुंड्या, गच्चीवरचं भंगार पाण्याने भरतं आणि अळ्या वाढतात. म्हणूनच तशाच वस्तीचं, तशाच पाणीपुरवठ्याचं दुसरं गाव तुलनेला घ्यावं लागतं आणि तिथे मोहीम नंतर न्यावी लागते. तिथे याच काळात इंडेक्स 21 वरून 25 झाला असेल, तर मोहीम नसती तर आपल्या गावातही तो चारेक अंकांनी वाढला असता. म्हणजे दिसणारी घट सहा अंकांची, पण मोहिमेचा परिणाम सुमारे दहा अंकांचा. मात्र मधल्या काळात एकाच गावात ॲबेट टाकलं किंवा धूरफवारणी झाली असेल, तर ही तुलना कोसळते. तारखांसकट तशी नोंद ठेवायलाच हवी.

फॉर्ममध्ये आणखी एक रकाना हवा : नळाला पाणी किती दिवसांनी येतं? चार दिवसांनी पाणी येणाऱ्या घराला पिंप रिकामं करायला सांगणं अन्यायाचं आहे. तिथे पिंपावर घट्ट कापड किंवा झाकण आहे का, हे मोजावं. अळ्या अशाच घरांत उरल्या असतील, तर आणखी पत्रकं छापू नयेत. तो खर्च झाकणांवर करावा आणि पाहणीचा तक्ता पाणीपुरवठा विभागासमोर ठेवावा.