फरक नऊने भागून बघा

मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सतारी आणि तंबोरे घडतात, आणि 2024 साली या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. एक तंबोरा तयार व्हायला काही आठवडे जातात. त्यामुळे इथला धंदा ऑर्डरवर चालतो: गायक येतो, पट्टी सांगतो, ॲडव्हान्स देतो आणि निघून जातो. हे सगळं वहीत उतरतं. अशी वही सॉफ्टवेअरमध्ये न्यायची वेळ आली की हिशेबाची एक विलक्षण बाजू दिसते.

वीस वर्षांची वही पानन् पान टाइप करावी लागत नाही. एक तारीख ठरवायची, समजा 31 मार्च. त्या दिवशी प्रत्येक गिऱ्हाइकाची जी बाकी निघते ती आणि ज्या ऑर्डरी अजून पुऱ्या व्हायच्या आहेत त्या, एवढंच पुढे ओढायचं. वीस वर्षांची देवघेव एका आकड्यात मावते आणि तरीही हिशेबातला एक रुपया हरवत नाही! पाडव्याला नवी वही घालणारे व्यापारी पिढ्यान् पिढ्या हेच करत आले आहेत.

पण तो आकडा कोणता, इथेच गफलत होते. समजा, तंबोरा 40,000 ला ठरला, 15,000 ॲडव्हान्स मिळाला आणि वहीत समासात लिहिलंय, ‘बाकी 25,000’. टाइप करणारा हेच 25,000 येणं म्हणून भरतो. पुढे तंबोरा दिल्यावर सॉफ्टवेअर 40,000 चं बिल करतं आणि गिऱ्हाइकाच्या नावे 65,000 दिसतात. वाद्य अजून दिलेलंच नाही, मग 31 मार्चला येणं कसलं? त्या दिवशी उलट दुकानदारच 15,000 चं देणं लागतो. म्हणून सुरुवातीची बाकी 15,000 जमा आणि ऑर्डर 40,000 ची, अपुरी. बिल झालं की 25,000 येणं आपोआप निघतं.

याच्या उलट चूकही होते. 15,000 सुरुवातीच्या बाकीत भरले आणि ऑर्डरच्या ‘ॲडव्हान्स’ रकान्यातही भरले, तर ते दोनदा वजा होतात. दुकानदार 10,000 मागतो आणि 15,000 गमावतो. ही चूक जास्त वाईट, कारण गिऱ्हाईक तक्रार करायला येत नाही.

आता सगळ्यात सुंदर भाग. वहीतल्या सगळ्या बाक्यांची बेरीज हाताने करायची, येणं अधिक आणि जमा उणे धरून. सॉफ्टवेअरची बेरीज तिच्याशी ताडायची. जुळली नाही, तर चूक कुठली ते फरकच सांगतो. 4,800 च्या जागी 8,400 पडले, तर फरक 3,600. नऊने पूर्ण भाग जातो. शेजारचे दोन अंक उलटले की फरक नेहमीच नऊच्या पटीत येतो, कारण एकं-दहंच्या जागा बदलल्या की एका अंकाची किंमत त्या अंकाच्या नऊपटीने वाढते आणि दुसऱ्याची त्याच्या नऊपटीने घटते. एक शून्य राहून गेलं आणि 15,000 चे 1,500 झाले, तरी फरक 13,500, म्हणजे नऊच्याच पटीत. आणि फरक 30,000 आला, तर त्याच्या निम्मी रक्कम शोधायची: कुणाचे तरी 15,000 जमेऐवजी नावे पडलेत.

एक्सेलमध्ये यादी असेल तर आणखी एक सापळा आहे. देवनागरी अंकांत टाइप केलेली रक्कम अनेकदा मजकूर म्हणून साठते आणि ‘SUM’ ती मोजतच नाही. पडद्यावर आकडा दिसतो, बेरजेत मात्र नसतो.

बेरीज जुळली म्हणजे झालं, असंही नाही. एकाच नावाच्या दोन गिऱ्हाइकांच्या बाक्यांची अदलाबदल झाली, तर बेरीज तंतोतंत जुळते. तिथे गणित हात टेकतं. मोबाइल नंबर बघून ज्याच्या त्याच्याकडून बाकी कबूल करून घ्यावी लागते. तसंच पट्टीचं. ‘काळी एक’ ही नोंद बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये बसायला रकानाच नसतो. ती शेऱ्यात लिहिली नाही, तर पैसे बरोबर आणि तंबोरा चुकीच्या पट्टीचा.

म्हणून प्रत्येक बाकीच्या आणि ऑर्डरीच्या शेऱ्यात जुन्या वहीचा पान क्रमांक घाला, आणि शेवटची अपुरी ऑर्डर गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत ती वही गल्ल्याजवळच ठेवा.