उद्गारचिन्हं काढा, मग आवाहन वाचा

गावातलं वाचनालय गळतंय आणि दुरुस्तीसाठी वर्गणी हवी आहे. कार्यकारिणीतला कुणी तरी रात्री बसून आवाहन लिहितो आणि सकाळी ते गावाच्या आणि मुंबई-पुण्याला गेलेल्या मंडळींच्या व्हॉट्सअॅप गटांवर फिरू लागतं. त्याचा मजकूर साधारण असा असतो:

«!! नम्र आवाहन !! आपल्या गावाची शान आणि ज्ञानाचे पवित्र मंदिर असलेल्या ऐतिहासिक वाचनालयाची आज अत्यंत दयनीय अवस्था झाली आहे!! हजारो अमूल्य ग्रंथ नष्ट होण्याच्या मार्गावर आहेत! हे पाहून कोणाचे हृदय पिळवटून निघणार नाही? चला तर मग, या महान ज्ञानयज्ञात आपली समिधा अर्पण करूया! आपला एक एक रुपया इतिहास घडवेल!!»

हा नमुना मी रचलेला आहे, पण असा मजकूर तुमच्या फोनमध्ये नक्की सापडेल. लिहिणाऱ्याची तळमळ खरी असते. तरीही वाचणारा हात जोडलेलं चित्र टाकतो आणि पुढे सरकतो. असं का होतं, हे पाहण्यासाठी हाच मजकूर टप्प्याटप्प्याने दुरुस्त करू.

पहिलं काम सोपं आहे. सगळी उद्गारचिन्हं काढून तिथे पूर्णविराम द्यायचा आणि मजकूर पुन्हा वाचायचा. ‘आपला एक एक रुपया इतिहास घडवेल.’ पूर्णविराम दिल्यावर हे वाक्य उघडं पडतं. कोणता इतिहास? छत दुरुस्त होणार आहे, इतकंच. चिन्ह होतं तोवर वाक्य पोकळ आहे हे लक्षात आलं नव्हतं. जे वाक्य पूर्णविरामासह उभं राहत नाही, ते काढून टाकावं.

मराठीला या चिन्हाची फारशी गरज मुळातच नाही. आज आपण वापरतो ती विरामचिन्हं एकोणिसाव्या शतकात इंग्रजी छपाईच्या वळणाने आली. ती रूढ करण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. त्याआधीच्या पोथ्यांत दंडाशिवाय फारसं काही नसे, तरी राग, करुणा, विनवणी सगळं पोचत होतं. ते काम शब्दक्रम करत असे आणि ‘च’, ‘तरी’, ‘सुद्धा’ यांसारखे छोटे शब्द करत असत. ‘पावसाआधी काम व्हायलाच हवं’ या वाक्यातला ‘च’ पुरेसा जोर देतो. अर्थात प्रत्येक वाक्यात ‘च’ आला की तोही ओरडल्यासारखाच वाटतो.

दुसरं काम विशेषणांचं. ‘अत्यंत दयनीय’, ‘हजारो’, ‘अमूल्य’, ‘ऐतिहासिक’, ‘महान’ या प्रत्येक शब्दाखाली रेघ मारून दोन प्रश्न विचारायचे: किती, आणि कशावरून? दयनीय कशावरून, तर मागच्या पाख्याची कौलं फुटली आहेत. हजारो म्हणजे किती, तर भिजलेली पुस्तकं ३१०. उत्तर मिळालं की ते विशेषणाच्या जागी लिहायचं. मिळालं नाही तर विशेषण नुसतंच काढायचं. ३१० हा आकडा ‘हजारो’पेक्षा लहान आहे, तरी वाचणाऱ्याला तोच अधिक भिडतो, कारण कुणी तरी ती पुस्तकं एकेक करून मोजली आहेत हे त्यात दिसतं.

अतिशयोक्ती मराठीला वर्ज्य नाही. आचार्य अत्रे ‘गेल्या दहा हजार वर्षांत’ असं म्हणत तेव्हा लोक खूश होत, कारण ती थट्टा आहे हे बोलणारा आणि ऐकणारा दोघांना माहीत असे. मदत मागताना हा समजूतदारपणा नसतो. तिथे वाचणारा प्रत्येक शब्द पारखून घेतो, आणि एक शब्द फुगवलेला सापडला की पुढचा खरा आकडाही त्याला संशयास्पद वाटतो.

तिसरं काम आणलेल्या उत्साहाचं. ‘चला तर मग’, ‘ज्ञानयज्ञ’, ‘समिधा’ हे शब्द लिहिणाऱ्याचे नसतात. ते कोणत्याही पत्रकातून उचललेले असतात. ते ओळखायची एक कसोटी आहे. वाचनालयाच्या जागी गोशाळा, व्यायामशाळा किंवा क्रिकेटची स्पर्धा घाला. वाक्य तसंच्या तसं चालत असेल, तर ते तुमच्या वाचनालयाबद्दल काहीच सांगत नाही. ‘कोणाचे हृदय पिळवटून निघणार नाही?’ या प्रश्नाची अडचण वेगळी आहे. काय वाटून घ्यायचं हे तो वाचणाऱ्याला बजावतो, आणि असं बजावलेलं कुणालाच आवडत नाही. चेखॉव्हने १८९२ साली लिदिया अविलोवा या लेखिकेला पत्रातून असाच सल्ला दिला होता: दुःखी माणसाबद्दल लिहिताना आपण थोडं थंड राहावं, म्हणजे त्याचं दुःख अधिक उठून दिसतं.

ही तिन्ही कामं झाल्यावर मूळ मजकुरातलं जवळजवळ काहीच उरत नाही. म्हणून आता माहिती भरायची:

«वाचनालयाच्या मागच्या पाख्याची कौलं गेल्या पावसाळ्यात फुटली. खालच्या कपाटांतली ३१० पुस्तकं भिजली. त्यातली निम्मी रद्दीत द्यावी लागली. बाकीची कपाटं प्लॅस्टिकने झाकून मधल्या खोलीत ओढली आहेत, त्यामुळे सध्या बसून वाचायला जागा नाही. मागच्या पाख्यावर पत्रे टाकायला १ लाख ८५ हजार रुपये लागतील. ७२ हजार जमले आहेत. उरलेले १ लाख १३ हजार १५ मेपर्यंत मिळाले, तर पावसाआधी काम होईल. पुढचं पाखंही जुनं आहे, पण यंदा ते आम्हाला झेपणार नाही. प्रत्येक रकमेची पावती मिळेल आणि खर्चाचा हिशोब वाचनालयाच्या फळ्यावर लावू. मी पहिली कादंबरी इथेच वाचली. यंदा तरी ही पुस्तकं कोरडी राहावीत.»

यात दोन वाक्यं नीट पाहण्यासारखी आहेत. ‘पुढचं पाखं यंदा झेपणार नाही’ ही उणीव लिहिणाऱ्याने स्वतःहून सांगितली आहे. जो आपली मर्यादा सांगतो, त्याच्या बाकीच्या हिशोबावरही विश्वास बसतो. दुसरं वाक्य कादंबरीचं. भावना काढून टाकलेली नाही. ती एकदाच, शेवटी, ‘मी’ म्हणून आली आहे. आधी परिस्थिती समजलेली असल्यामुळे तेवढी पुरते.

काटछाट उलटही जाऊ शकते. उद्गार काढता काढता काही जण ‘सदर इमारतीच्या दुरुस्तीकामी निधी संकलन करण्यात येत आहे’ इथवर पोचतात. ही भाषा खोटी नाही, पण तिच्यात कुणी माणूसच नाही. मजकूर समोर बसलेल्या शेजाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवा. जिथे तुमचा आवाज भाषणाचा होतो किंवा कचेरीतल्या परिपत्रकाचा होतो, तिथे थांबा आणि ते वाक्य तोंडी कसं सांगितलं असतं तसं लिहा. उद्गारचिन्हाला त्याची जागाही ठेवा. संवादातलं ‘आई गं!’, लग्नपत्रिकेवरचं पोरासोरांचं ‘यायचं हं!’, घोषणेतला ‘जय!’ तिथे ते शोभतं, कारण तिथे आवाज खरोखरच चढलेला असतो.

आणि सगळं साधं लिहूनही मजकूर कोरडा वाटला, तर पुन्हा विशेषणं घालू नका. बहुधा माहितीच कमी पडलेली असते. तेव्हा वाचनालयात जा, भिजलेलं कपाट उघडा आणि आत काय आहे ते लिहून आणा.