पैऱ्याची माणसं

आमचं छपाईचं दुकान नसरापूरला आहे. इथून आत वळलं की रस्ता वेल्ह्याला जातो, आणि महामार्गाने कापूरहोळपर्यंत पुढे गेलं की भोरचा फाटा लागतो. त्यामुळे दोन्ही तालुक्यांतल्या लग्नपत्रिका, दशक्रियेचे मजकूर, वास्तुशांतीचे फ्लेक्स आमच्या टेबलावरून जातात. पूर्वी मजकूर वहीच्या पानावर लिहून यायचा. अक्षर वाईट असलं तरी शब्द लिहिणाऱ्याचा असायचा. आता तो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, आणि बराचसा बोलून उतरवलेला असतो. छापण्याआधी आम्ही फोन करून ओळ न् ओळ वाचून दाखवतो. पडद्यामागचे किस्से कळतात ते त्या फोनवर. नावं आणि वाड्या-वस्त्या मी सांगणार नाही, कारण ही माणसं रोज भेटणारी आहेत.

त्यातला एक किस्सा मात्र छपाईचा नव्हता. जुलैचा महिना, बाहेर झड लागलेली. वेल्ह्याकडचे एक काका दुकानात आले आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. "हे मी असं बोललो नव्हतो. तू टायपिंगवाला आहेस ना, आता तूच सांग त्यांना."

स्क्रीनवर त्यांच्या भावकीच्या ग्रुपचा स्क्रीनशॉट होता. मेसेज असा होता: "परवा आमची अवनी आहे पैशाची माणसं लवकर पाठवा." त्याखाली हसण्याची चिन्हं होती आणि "अवनी कोण हो काका?" असे चारपाच प्रश्न. हा स्क्रीनशॉट भावकीतून गावच्या ग्रुपवर गेला आणि तिथून पुण्यात कामाला असलेल्या पोरांच्या ग्रुपवर. काकांना त्या हसण्याचं काही वाटलं नव्हतं. ते आले होते ते दुसऱ्या शब्दासाठी.

ते बोलले होते, "परवा आमची आवणी आहे, पैऱ्याची माणसं लवकर पाठवा." आवणी म्हणजे भाताची लावणी. आणि पैरा म्हणजे काय, हे मावळात लहान पोरालाही ठाऊक असतं. आज आमच्या घरची तीन माणसं तुमच्या खाचरात राबली, की तुमच्या घरची तीन माणसं आमच्या आवणीला यायची. त्यात मजुरी नसते. हिशेब असतो, पण तो माणसांचा आणि दिवसांचा, रुपयांचा नाही. काकांच्या घरची माणसं खालच्या वाडीतल्या एका घरी दोन दिवस राबून आली होती. त्यांची फेड परवाच्या दिवशी व्हायची होती.

त्या घरात मेसेज वाचला गेला तो "पैशाची माणसं" असा. तिथली मावशी म्हणाली, "आम्ही पैशाची माणसं कधीपासून झालो?" आणि आवणीच्या दिवशी त्या घरातून कुणीच आलं नाही. खाचरात चिखलणी झालेली, रोप तयार, पाऊस मनासारखा, आणि मधे एवढा एकच शब्द. भाताचं रोप साधारण तीन आठवड्यांचं झालं की लावावं लागतं. ते तरव्यात जास्त दिवस राहिलं तर फुटवे कमी येतात. अशा वेळी एक दिवस माणसं कमी पडणं म्हणजे काय, हे शेत करणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

मी काकांना माझ्या मोबाइलवर तेच वाक्य पुन्हा बोलायला लावलं आणि दुसऱ्या मोबाइलने त्याचं चित्रीकरण केलं. आवाजात "पैऱ्याची" स्वच्छ ऐकू येतं आणि स्क्रीनवर "पैशाची" उमटतं. दुसऱ्यांदाही तसंच झालं. तिसऱ्यांदा काका शब्द तोडून बोलले तेव्हा "पैरा ची" असं आलं. तो व्हिडिओ त्यांनी खालच्या वाडीत पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी घरची दोघं घेऊन हजर झाल्या.

यात काकांचा उच्चार चुकला नव्हता, म्हणून हे असं का होतं ते नीट सांगायला हवं. बोलून लिहिताना यंत्र दोन कामं करतं. आधी आवाजावरून जवळपासचे शब्द काढतं. मग त्यातला कुठला शब्द या जागी जास्त शक्य आहे, ते आजवर वाचलेल्या मजकुराच्या आधाराने ठरवतं. गूगलने बोलून लिहिण्याची सोय मराठीत ऑगस्ट 2017 मध्ये आणली. ती शिकली ती लिहिलेल्या आणि बोललेल्या मराठीच्या साठ्यावर. त्या साठ्यात "पैसा" पावलोपावली असणार. "अवनी" हे मुलींचं आवडतं नाव, तेही असणार. पण आवणी आणि पैरा हे शब्द बांधावर बोलले जातात, कागदावर फारसे येत नाहीत. यंत्राला आवाज अर्धवट पोचला की ते ओळखीच्या शब्दाकडे झुकतं. आणि आवणीच्या दिवसांत आवाज अर्धवटच पोचतो, कारण पाऊस, वारा आणि पॉवर टिलर एकाच वेळी चालू असतात.

ही खोड आजची नाही. संगणकावर शब्दशुद्धी तपासण्याची सोय नवी होती तेव्हा काही शब्दसाठ्यांत सहकार्यासाठीचा इंग्रजी शब्द फक्त मधे आडवी रेघ घालून लिहिलेला होता. कुणी तो सलग टाइप केला की यंत्र त्या जागी कुपर्टिनो हे कॅलिफोर्नियातल्या एका शहराचं नाव सुचवायचं. संयुक्त राष्ट्रसंघ आणि नाटोच्या कागदपत्रांतही तो कुपर्टिनो सापडला आहे. तिथेही शब्दसाठ्यात नसलेल्या शब्दाची जागा असलेल्या शब्दाने घेतली. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला काकाच आठवले. त्यांचा हरवलेला शब्दही सहकार्याचाच होता.

टाइप करतानाची चूक याहून वेगळ्या वाटेने येते. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव द्यायला राज्य मंत्रिमंडळाने 2024 मध्ये मंजुरी दिली. तेव्हापासून पत्रिकांवर कुणी "ता. वेल्हे" लिहून पाठवतं, कुणी "ता. राजगड". एका लग्नाचा मजकूर आला, त्यात होतं "ता. रायगड, जि. पुणे". मुलाच्या भावाने इंग्रजी अक्षरांत राजगड लिहिलं होतं. त्या कळफलकावर जे आणि आय शेजारी असतात. बोट जरा सरकलं असेल असं धरून मोबाइल दोन्ही शब्द तोलतो, आणि रायगड हा अख्खा जिल्हा असल्याने ते पारडं जड होतं. महाराजांची राजधानी आधी राजगड होती आणि मग रायगड झाली, हे मोबाइलला ठाऊक असतं तरी उपयोग नव्हता, कारण तो इतिहास पाहत नाही, शब्द किती वेळा आला ते पाहतो. आमच्या नजरेला ही चूक पडली ती एका साध्या कारणाने. रायगड पुणे जिल्ह्यात असू शकत नाही. पत्त्यातला एक शब्द दुसऱ्याशी पडताळून पाहिला की अशी चूक सापडते. "पैशाची माणसं" मात्र अशी सापडत नाही, कारण ते वाक्यही अर्थाने पुरं असतं. हसू येतं त्या चुकीपेक्षा अशी चूक जास्त घातक, असं माझं मत झालं आहे. वाचणाऱ्याला इथे काही चुकलंय अशी शंकाच येत नाही.

सर्वांत घातक चूक तर शब्द बदलण्याची नसते, शब्द गळण्याची असते. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. हिंदीत "नहीं" बहुधा क्रियापदाच्या आधी येतं आणि इंग्रजीतही नकार आधीच कळतो. आपण मात्र सगळं वाक्य बोलून शेवटी "नाही" म्हणतो, आणि भोर-वेल्ह्याकडे तेही "नाय" म्हणतो, खालच्या पट्टीत, श्वास संपता संपता. मोबाइलचा माइक शांतता जाणवली की थांबतो. "नाय"च्या आधी माणूस क्षणभर थांबला की वाक्य संपलं असं तो धरतो.

पावसाळ्यात वरंधा घाट दरडींमुळे अनेकदा बंद ठेवावा लागतो. भोरजवळच्या एका घरी बारसं होतं आणि महाडहून पाहुणे यायचे होते. घरच्या आजोबांनी आदल्या रात्री मेसेज केला. ते बोलले होते, "वरंधा घाट चालू नाय." पोचलं ते "वरंधा घाट चालू". पाहुणे पहाटे निघाले, घाटाच्या तोंडाशी अडवले गेले आणि पोलादपूर, महाबळेश्वर, वाई असा वळसा घालून आले तेव्हा पाळणा होऊन गेला होता. आत्याबाईंचा हात पाळण्याला लागला नाही, आणि त्यांना ते अजून सलतं. हा स्क्रीनशॉट कुणी कुठे फिरवला नाही. त्यात हसण्यासारखं काही दिसतच नाही. तीन शब्द आहेत आणि तिन्ही शुद्ध आहेत.

तेव्हापासून दुकानात येणाऱ्या वडीलधाऱ्यांना मी एक सांगतो. नकार शेवटावर ठेवू नका. "घाट बंद आहे", "कार्यक्रम रद्द झाला", "जेवण दुपारी आहे, रात्रीचं रद्द" असं बोला. बंद आणि रद्द हे शब्द गळाले तर वाक्य अडखळतं आणि वाचणारा विचारतो. "नाही" गळालं तर वाक्य उलटं होऊन सुखरूप पोचतं.

टाइप करणाऱ्यांसाठी उपाय सोपा आहे. जीबोर्डच्या सेटिंगमध्ये Dictionary आणि त्यात Personal dictionary असतं. तिथे मराठी निवडून आवणी, पैरा, वेल्हे, राजगड, आपल्या वाडीचं नाव, घरातली आडनावं एकदा घालून ठेवली की कळफलक ते शब्द ओळखतो आणि बदलत नाही. चुकीचा शब्द सारखा सुचत असेल तर त्यावर बोट दाबून धरायचं आणि तो कचरापेटीच्या चिन्हावर ओढून टाकायचा. बोलून लिहिताना मात्र या यादीवर विसंबू नये. तिथे वाचून पाहण्याला पर्याय नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मेसेज 15 मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो, पण काकांचा स्क्रीनशॉट त्याआधीच दोन ग्रुप ओलांडून गेला होता. दुरुस्ती मूळ मेसेजला लागते, फिरणाऱ्या चित्राला लागत नाही.

म्हणून आम्हाला मजकूर पाठवणाऱ्या सगळ्यांना एक विनंती आहे. बोलून लिहिलेला मजकूर पाठवलात तर त्याच्यासोबत तोच मजकूर तुमच्या आवाजातही पाठवा. आम्ही दोन्ही लावून ऐकू आणि मगच छापू. आणि भावकीच्या ग्रुपवर कुणाचा शब्द खटकला, तर स्क्रीनशॉट काढण्याआधी त्या माणसाला एक फोन करा.