सेलच्या सात ओळी

सकाळी 8.30
चिपळूणच्या बाजारात आमचं छत्री-रेनकोटचं दुकान आहे. आज बुधवार, 3 जून. परवा शुक्रवारपासून सेल लावायचा आहे आणि त्याची जाहिरात आज संध्याकाळपर्यंत इन्स्टाग्रामवर आणि व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला गेली पाहिजे. फोटो पुतणी काढते, मजकूर मी लिहितो. शटर उघडण्याआधी गोदामातला माल मोजून घेतो, कारण जे शेल्फवर नाही त्याची जाहिरात करायची नाही, हा माझा नियम आहे. शाळेचे रेनकोट 90 नग, दुचाकीचे जाकीट-पँटचे संच 40, तीन घडीच्या छत्र्या दोन खोकी.

सकाळी 9.30
पहिला प्रश्न तारखांचा. पावसाच्या भरवशावर तारीख धरता येत नाही. 2025 साली मोसमी पाऊस 26 मे रोजीच मुंबईत पोहोचला होता, एरवी त्याची तिथली तारीख 11 जून धरतात. शाळेची तारीख मात्र पक्की असते. आमच्याकडे 15 जूनला, सोमवारी शाळा उघडते आणि त्याआधी दोन रविवार मिळतात. शिवाय पगार पहिल्या आठवड्यात होतात. म्हणून सुरुवात 5 तारखेला.

शेवटची तारीख मालावरून ठरते. या दिवसांत शाळेचे रेनकोट रोज साधारण नऊ जातात, म्हणजे 90 नग दहा दिवस पुरतील. 5 ते 14 जून. यापेक्षा लांब तारीख दिली, तर शेवटी येणारं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाईल. 2022 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांतही हेच आहे: सवलतीची जाहिरात करायची तर पुरेसा माल हवा, आणि माल मर्यादित असेल तर तसं सांगायला हवं.

सकाळी 11
सावर्ड्याहून एक वहिनी मुलाला घेऊन आल्या. त्यांनी 28 इंची रेनकोट काढायला लावला, मुलाला बरोबर बसलाही. मी म्हटलं, "वहिनी, शाळेचं दप्तर आणलंय का?" नव्हतं. मग दुकानातली एक सॅक वह्या भरून त्याच्या पाठीवर चढवली आणि तोच रेनकोट पुन्हा घातला. पाठीवरची चेन उघडली की आत मिटलेली घडी फुगते आणि दप्तर झाकलं जातं. पण त्या नादात मागची बाजू वर उचलली गेली आणि गुडघ्यामागे पोटऱ्या उघड्या पडल्या. 30 इंची घातला तेव्हा मागची कड गुडघ्याखाली आली.

"भाऊ, हे आधी कळलं असतं तर दप्तर घेऊनच आले असते," वहिनी म्हणाल्या. त्या गेल्यावर लगेच वहीत ओळ लिहिली: मापासाठी मूल आणि भरलेलं दप्तर, दोन्ही सोबत आणा. ज्या ओळीने गिऱ्हाइकाची दुसरी फेरी वाचते, ती जाहिरातीत असलीच पाहिजे.

दुपारी 12.30
दुचाकीचे संच तपासले. पाणी कापडातून क्वचितच येतं, येतं ते शिवणीतून. सुईने पाडलेली भोकं झाकायला आतून पारदर्शक टेप चिकटवलेली असते. ती खांद्यावर आणि पँटच्या दोन पायांच्या सांध्यावर पूर्ण हवी, कारण गाडीवर बसल्यावर पाणी तिथेच साचतं. एका नव्या संचाची पँट उलटी करून त्या सांध्याचा खोळगा केला, त्यात तांब्याभर पाणी ओतलं आणि दहा मिनिटं टांगून ठेवलं. खालचं फडकं कोरडं राहिलं. दुसऱ्या गठ्ठ्यातल्या पँटवर टेपचं टोक सुटलेलं होतं, तिथे शिवणीवर थेंब जमले. तो गठ्ठा बाजूला काढला, उद्या घाऊकवाल्याकडे परत जाईल. मग कॅप्शनमध्ये "शंभर टक्के वॉटरप्रूफ" लिहिण्याऐवजी "शिवणीवर आतून टेप" लिहिलं. हे गिऱ्हाईक दुकानात स्वतः उलटून पाहू शकतं.

दुपारी 3
जेवणानंतर छत्र्या. तीन घडीची आठ काड्यांची छत्री पर्समध्ये मावते, बसच्या गर्दीत सोयीची पडते. पण तिच्या प्रत्येक काडीला जादा सांधे असतात आणि आमच्याकडचा आडवा वारा नेमका त्या सांध्यांवर तिला उलटवतो. उघड्यावर चालणाऱ्याने लांब दांड्याचीच घ्यावी. लांब छत्री सेलमध्ये नाही, तरी हे जाहिरातीत लिहायचं. सेलची छत्री घेऊन आठवड्यात मोडलेल्या काड्या दाखवायला गिऱ्हाईक परत आलं, तर तो सेल आम्हालाच महाग पडतो.

लावणीला जाणाऱ्यांना मात्र यातलं काहीच नको असतं. वाकून दोन्ही हातांनी रोपं लावायची, तिथे छत्री काय करणार? पूर्वी इरलं असायचं, आता डोक्यावरून पाठीवर सोडायचा प्लास्टिकचा घोंगता. तो आम्ही कायम एकाच भावाने विकतो, म्हणून सेलच्या मजकुरात त्याला जागा दिली नाही.

संध्याकाळी 5
भाव ठरवले. शाळेच्या रेनकोटची छापील किंमत 640. पंधरा टक्के सूट म्हणजे 544, ती सरळ 540 केली. जाहिरातीत टक्के लिहीत नाही, आधीचा आणि आताचा भाव रुपयांत लिहितो. दोन मुलांच्या आईला घरी बसून हिशेब करता आला पाहिजे: दोन रेनकोट, 1,080.

पुतणीने कच्चा मजकूर वाचला आणि म्हणाली, "काका, इन्स्टावर सुरुवातीच्या दोन ओळीच दिसतात, पुढचं 'मोर' दाबल्यावर. तारीख तर सगळ्यात खाली गेलीय." तिचं बरोबर होतं. सुरुवातीचं "पावसाळ्याच्या हार्दिक शुभेच्छा" काढलं आणि वस्तू, भाव, तारीख एका ओळीत वर घेतली. स्टेटस तर चोवीस तासांत नाहीसं होतं, म्हणून "उद्यापासून" किंवा "फक्त दोन दिवस उरले" असं लिहायचं नाही. कोणी ते पुढे पाठवलं तर उद्या कधी, हे कळणार नाही. वार आणि तारीख दोन्ही लिहायची. गावाकडची माणसं वार धरून बाजाराला येतात.

संध्याकाळी 7
शेवटी हे गेलं:

दप्तरासकट झाकणारा शाळेचा रेनकोट, 640 चा 540 ला. 5 ते 14 जून.
24 ते 36 इंच. मापासाठी मूल आणि भरलेलं दप्तर, दोन्ही सोबत आणा.
दुचाकीसाठी जाकीट-पँट, शिवणीवर आतून टेप: 1,250 चा संच 1,090 ला.
तीन घडीची छत्री, आठ काड्या: 420 ची 360 ला. वाऱ्यात चालणाऱ्यांनी लांब दांड्याची घ्यावी.
सेल शुक्रवार 5 जून, सकाळी 10 पासून रविवार 14 जून, रात्री 9 पर्यंत.
शाळेचे रेनकोट 90 नग. संपले की इथेच कळवू.
माप चुकलं तर बिल दाखवून 20 जूनपर्यंत बदलून मिळेल.

बदलून देण्याची तारीख 20 धरली, कारण शाळेचा पहिला आठवडा शनिवारी 20 तारखेला संपतो. मुलाने रेनकोट घालून चार दिवस ये-जा केली की माप खरं कळतं.

रात्री 9
शटर ओढण्याआधी सातही ओळी मोठ्या अक्षरांत कागदावर काढून दाराच्या काचेला लावल्या, कारण आमची अर्धी गिऱ्हाइकं मोबाइलवर जाहिरात बघत नाहीत. तुमच्या गावात असा सेल लागला तर आधी शेवटची तारीख वाचा, मग बदलून देण्याची अट वाचा, आणि दुचाकीचा रेनकोट आत-बाहेर उलटून टेप पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.