पंधरा वर्षांचा पुरावा
कर्जत-खालापूरचे लोककलावंत आणि ज्येष्ठ कलावंतांचे मानधन

पठ्ठे बापूरावांनी १९४५ साली पुण्यात जगाचा निरोप घेतला तेव्हा त्यांच्या लावण्या महाराष्ट्राच्या तोंडी होत्या आणि ते स्वतः विपन्नावस्थेत होते. अशा कलावंतांचे म्हातारपण ही समाजाची जबाबदारी आहे, हे शासनाने त्यानंतर दहा वर्षांच्या आत मान्य केले. १९५४-५५ पासून राज्यात वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना दरमहा मानधन दिले जाते. मार्च २०२४ मध्ये या योजनेला 'राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना' असे नाव मिळाले. पूर्वी कलावंतांच्या अ, ब, क अशा तीन श्रेणी होत्या आणि त्यांना अनुक्रमे ३,१५०, २,७०० आणि २,२५० रुपये मिळत. एप्रिल २०२४ पासून श्रेणीभेद संपला आणि सर्वांना सरसकट ५,००० रुपये झाले.

वाढ चांगलीच आहे. पण उल्हास नदीकाठच्या दहिवलीतून किंवा कर्जत-खालापूरच्या एखाद्या वाडीतून या योजनेकडे पाहिले की रकमेच्या आधी कागदाचा प्रश्न उभा राहतो.

अटी वाचायला सोप्या आहेत. वय किमान ५० वर्षे, दिव्यांगांसाठी ४०. महाराष्ट्राचा रहिवास. वार्षिक उत्पन्न ६० हजारांच्या आत. कलाक्षेत्रात किमान १५ वर्षांचे काम. दुसऱ्या कोणत्याही नियमित शासकीय पेन्शनचा लाभ नसावा. शिवाय अर्जदाराची उपजीविका कलेवर अवलंबून असावी, अशी अपेक्षा आहे.

घोडे अडते ते या शेवटच्या अपेक्षेपाशी आणि १५ वर्षांच्या पुराव्यापाशी. तमाशाच्या फडावरचा कलावंत हंगामभर फडाबरोबर हिंडतो. त्याचा मालक असतो, बिदागी ठरलेली असते, गावोगावच्या जत्रांच्या सुपाऱ्या असतात. कर्जत-खालापुरातली कला अशी वेगळी काढून दाखवता येत नाही. इथे भाताची लावणी उरकली की माणसे जाखडीला उभी राहतात, ठाकरवाडीत गौरीचा नाच होतो, हरिनाम सप्ताहात भजनी मंडळे पहाऱ्याला बसतात. नाचणारा शेतकरी असतो, पखवाज वाजवणारा दिवसा मजुरीला जातो. कलेवर त्याचे घर कधीच चालले नाही, पण त्याच्यावाचून गावाचा एकही उत्सव पार पडला नाही. अर्जातल्या 'उपजीविका' या रकान्यात त्याने काय लिहायचे?

दहिवलीतल्या एका कल्पित पखवाजवादकाचे प्रकरण घेऊन पाहू. वय ५८, तिशीपासून भजनी मंडळात साथ. थोडी भातशेती, बाकी मजुरी. त्याला वयाचा दाखला, आधार, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, प्रतिज्ञापत्र आणि बँकेचा तपशील लागेल. पत्नी असेल तर दोघांचा एकत्र फोटो लागेल. हे सगळे सेतूच्या चार खेपांत जमते. खरे काम त्यानंतर सुरू होते, ते म्हणजे कलेचे पुरावे आणि नामांकित संस्था किंवा व्यक्तीचे शिफारसपत्र.

त्याच्याकडचा सर्वांत भक्कम पुरावा सप्ताहाच्या छापील पत्रिका हाच असतो. प्रवचनकार, कीर्तनकार, गायक, मृदंगवादक अशी नावांची ओळ त्यात असतेच. पण अशी पत्रिका हातात घेऊन नीट पाहा. अनेकदा नुसती तिथी आणि शके असतात. साल नसले की पंधरा वर्षे मोजायची कशी? आणि नाव? गावात त्याला ज्या नावाने हाक मारतात तेच पुढे 'बुवा' लावून छापलेले असते. आधारवर मात्र वडिलांच्या नावासह पूर्ण नाव. कार्यालयातल्या माणसाला ही दोन माणसे वाटली, तर त्याला दोष देता येणार नाही. यावर उपाय आहे. शके असेल तर त्यात ७८ मिळवावेत, म्हणजे इसवी सन मिळते. पौषापासून पुढच्या महिन्यांना बहुधा ७९ मिळवावे लागतात. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्रात स्पष्ट लिहावे आणि मंडळाच्या पत्रातही तसेच नमूद करावे.

जाखडीवाल्याकडे आणि गौरीनाच करणाऱ्याकडे पत्रिकाही नसते. त्यांच्यासाठी जुने फोटो, स्पर्धांची प्रमाणपत्रे, स्थानिक वर्तमानपत्रांतली कात्रणे, नाच पथकाचे ठरावबुक कामी येते. एकाच वर्षाचे दहा फोटो जोडण्यापेक्षा वेगवेगळ्या वर्षांचा एकेक कागद जोडलेला बरा. पहिला कागद आणि शेवटचा कागद यांत पंधरा वर्षांचे अंतर दिसले पाहिजे.

आता अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. सांस्कृतिक कार्य संचालनालयाचे त्यासाठीचे संकेतस्थळ mahakalasanman.org हे आहे. निवड मात्र जिल्हा पातळीवरच्या समितीकडून होते. एका जिल्ह्यातून वर्षाला जास्तीत जास्त १०० जणांची निवड करता येते. पूर्वी ही मर्यादा ६० होती. रायगडमध्ये १५ तालुके आहेत. सरळ भागाकार केला तर एका तालुक्याच्या वाट्याला वर्षाला सातसुद्धा येत नाहीत. त्यात भजनी मंडळे, जाखडीची पथके, गोंधळी, कीर्तनकार, कवी, लेखक सगळे आले. त्यामुळे ज्याची फाइल अपुरी त्याचा नंबर मागे पडतो, आणि कागद नसणारा बहुधा सर्वांत गरीबच असतो.

आणखी एक पेच. ६५ वर्षांवरच्या अनेक निराधार कलावंतांना श्रावणबाळ योजनेचे १,५०० रुपये आधीच मिळत असतात. दोन्ही लाभ एकत्र घेता येत नाहीत. कलावंत मानधनाची रक्कम मोठी आहे म्हणून घाईने श्रावणबाळ सोडू नये. आधी मंजुरी हातात पडू द्यावी, मग तहसील कार्यालयात लेखी कळवावे.

मंजुरीनंतरही लक्ष ठेवावे लागते. पैसे थेट बँकेत येतात आणि आधारला जोडलेल्या खात्यात पडतात. एखाद्याने मध्येच दुसरे खाते उघडून तिथे आधार जोडले, तर पैसे तिकडे जातात आणि घरचे जुने पासबुक भरून आणून 'मानधन बंद झाले' म्हणत बसतात. आधार नेमके कोणत्या बँकेला जोडलेले आहे, हे आधी तपासावे. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला की मानधन थांबते. कलावंताच्या निधनानंतर हयात पती किंवा पत्नीला मानधन सुरू राहते. तो एकत्र फोटो इथे उपयोगी पडतो. पण पत्नीच्या पासबुकावर माहेरचे नाव असेल, तर ते कलावंत हयात असतानाच दुरुस्त करून घ्यावे.

केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाचीही ज्येष्ठ कलावंतांसाठी योजना आहे. वय ६० पूर्ण आणि वार्षिक उत्पन्न ७२ हजारांच्या आत असेल, तर दरमहा कमाल ६,००० रुपये साहाय्य मिळू शकते. मात्र अर्जदाराला राज्याचे किमान ५०० रुपयांचे कलावंत मानधन आधी मिळत असावे लागते. म्हणजे राज्याच्या फाइलमध्ये जो अडला तो केंद्राच्या दारापर्यंत पोहोचतच नाही.

शासनाने करण्यासारख्या गोष्टी दोन आणि स्पष्ट आहेत. शेती करून कला जपणाऱ्याला 'उपजीविके'च्या अटीत सामावून घ्यावे आणि ग्रामसभेचा ठराव पुरावा म्हणून मान्य करावा. कुणी किती वर्षे नाचले आणि वाजवले, हे गावाइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

आणि मंडळांना विनंती. यंदाच्या कार्यक्रमापासून एक वही ठेवा. तारीख, इसवी सन, गाव आणि प्रत्येक कलावंताचे आधारप्रमाणे पूर्ण नाव लिहा. खाली यजमान गावाच्या सरपंचाची सही घ्या. पत्रिकेवरही सन छापा. आज पस्तिशीत असलेला तुमचा ढोलकीवाला पन्नाशीला अर्ज करील, तेव्हा त्याची पंधरा वर्षे त्या वहीत नोंदलेली असतील.