दोन फोन, बड्सची एक जोडी

एक फोन स्वतःचा, दुसरा ऑफिसचा आणि कानात बड्सची एकच जोडी. दोन्ही फोन एकाच वेळी जोडलेले ठेवण्याच्या सोयीला मल्टिपॉइंट म्हणतात. ती चालू केली की थोड्याच दिवसांत तक्रार सुरू होते: ‘सारखं तुटतं.’

आधी एक खात्री करून घ्यावी. बहुतेक बड्स अनेक फोनची ओळख लक्षात ठेवतात, पण बोलतात एका वेळी एकाशीच. ते मल्टिपॉइंट नव्हे. ॲपलच्या एअरपॉड्सचं आपोआप फोन बदलणंही एकाच ॲपल खात्यावरच्या उपकरणांपुरतं असतं. एक आयफोन आणि एक अँड्रॉइड अशा जोडीला त्याचा उपयोग नाही. ज्या बड्समध्ये सोय खरोखर आहे, त्यांतही ती अनेकदा बंद असते आणि कंपनीच्या ॲपमध्ये जाऊन चालू करावी लागते. पहिला फोन जोडल्यावर बड्स पुन्हा पेअरिंग मोडमध्ये टाकायचे, दुसरा फोन जोडायचा आणि शेवटी पहिल्या फोनच्या ब्लूटूथ यादीत बड्सच्या नावावर बोट ठेवायचं. ही शेवटची पायरी राहून जाते आणि ‘दुसरा जोडला की पहिला जातो’ असं वाटत राहतं.

आता तुटण्याचं कारण. नेहमीचं ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १६०० वेळा जागा बदलत चालतं. कोणत्या क्षणी कोणत्या वाहिनीवर असायचं, हे फोनच्या घड्याळावरून ठरतं. फोन दोन, म्हणजे घड्याळं दोन आणि उड्यांचे क्रमही दोन. बड्समधला रेडिओ मात्र सहसा एकच. दोन क्लासना जाणाऱ्या मुलासारखी त्याची गत होते: दोन्हीकडच्या घंटा जुळत नाहीत, मग इथला तास अर्धवट सोडून तिथं पळायचं. दुसरा फोन जवळ आणि गप्प असेल, तर हे निभतं. तिकडे क्षणभर हजेरी लावली की पुरतं, आणि बड्समध्ये थोडा आवाज आगाऊ साठवलेला असल्याने आपल्याला खंड जाणवत नाही.

बिघडतं ते दुसरा फोन दूर राहिला की. समजा, ऑफिसचा फोन हॉलमध्ये चार्जिंगला आहे आणि आपण स्वतःचा फोन खिशात टाकून स्वयंपाकघरात गेलो. मध्ये दोन भिंती, फ्रिज आणि आपलं शरीर. शरीरातलं पाणी या लहरी चांगल्याच शोषून घेतं. हॉलमधल्या फोनकडचे संदेश पोचेनासे होतात, ते पुन्हा पुन्हा मागवावे लागतात आणि खिशातल्या फोनसाठी ठेवलेला वेळ त्यात जातो. काही सेकंद काहीच पोचलं नाही, तर बड्स तो दुवा तुटला असं धरतात. पुष्कळ बड्स मग हरवलेल्या फोनला हाका मारू लागतात. या हाका रेडिओचा बराच वेळ खातात. त्यामुळे गाणं अडखळतं ते खिशातल्या, वीतभर अंतरावरच्या फोनवरचं! माणूस त्या फोनला दोष देतो, कधी बड्स बदलून आणतो. कारण मात्र हॉलमध्ये चार्ज होत असतं. पूर्ण बंद असलेल्या फोनपेक्षा असा काठावरचा फोन जास्त छळतो, कारण तो मध्येच सापडतो आणि पुन्हा हरवतो.

पडताळणी सोपी आहे. गाणं अडखळत असताना ऑफिसच्या फोनचं ब्लूटूथ बंद करावं आणि बड्सनी हाका थांबवण्यासाठी मिनिटभर थांबावं. अडखळणं गेलं, तर दोष दुसऱ्या दुव्याचा. मग दोन्ही फोन बरोबर ठेवायचे, नाहीतर एकाचं ब्लूटूथ बंद ठेवायचं. तिसरा उपाय मला तरी माहीत नाही. तरीही अडखळत असेल, तर ॲपमध्ये जास्त दर्जाच्या आवाजाचा पर्याय आहे का ते बघावं. एलडीएसी हा प्रकार सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जातो, म्हणजे रेडिओला उसंत कमी. काही बड्समध्ये मल्टिपॉइंट चालू केलं की तो मिळतच नाही, ते यामुळेच समजण्यासारखं आहे.

एका तक्रारीत मात्र काहीच तुटलेलं नसतं. गाणं एकदम थांबतं, दुसऱ्या फोनवरचं ‘टिंग’ ऐकू येतं, आणि गाणं कधी परत सुरू होतं, कधी नाही. बड्स एका वेळी एकाच फोनचं संगीत वाजवतात. ऑफिसच्या ग्रुपवर कुणी ‘सुप्रभात’ पाठवलं तरी काही बड्स तोच आवाज महत्त्वाचा मानतात. अँड्रॉइड फोनवर याला चांगला उतारा आहे. ऑफिसच्या फोनच्या ब्लूटूथ यादीत बड्सच्या नावाशेजारचं दातेरी चाक दाबावं, Media audio बंद करावं आणि कॉलचा पर्याय चालू ठेवावा. फोन आला तर कानात वाजेल, बाकीचे आवाज त्या फोनमध्येच राहतील. आयफोनवर असं बटण नाही. तिथं सूचनांचे आवाजच बंद करावे लागतात.